तीन डिव्हाइस, छत्तीस पोट्टे अन् एक सर्किट

"मॅडम, शाळेत तीनच डिव्हाइस, नेट कधी येतं कधी नाही, मग डिजिटल तास घेता तरी कसा?" असं मला विचारतात.

पहिला तास पार फसला होता हो. आठवीला एकसर आणि समांतर जोडणी शिकवायची होती, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ लावला आणि अर्धा तास ते गोल चक्रच फिरत राहिलं. तेव्हापासून एकच ठरवलं, वर्गात नेट लागेल असं काही ठेवायचंच नाही.

PhET या विज्ञानाच्या सिम्युलेशनच्या साइटवर Circuit Construction Kit: DC नावाचं सिम्युलेशन आहे, त्यात स्क्रीनवरच बॅटरी-बल्ब जोडून बघता येतात, ते घरच्या वायफायवर एकदा डाउनलोड करते, ती एकच .html फाइल असते, पेनड्राइव्हने लॅपटॉपवर आणि ब्लूटूथने दोन फोनवर टाकते. गंमत अशी की काही फोन ती HTML Viewer मध्ये उघडतात आणि मग स्क्रीन पांढरीच राहते, तिथे क्रोम निवडावं लागतं. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन फ्लाइट मोडवर टाकून चालवून बघतेच.

तास ३५ मिनिटांचा. सहा-सहाचे सहा गट. पहिली ५ मिनिटं कागदावर अंदाज लिहायचा: दुसरा बल्ब जोडला तर पहिल्याचा उजेड कमी होईल की तेवढाच राहील? मग १२ मिनिटं तीन गट डिव्हाइसवर आणि तीन गट बर्डीच्या बाजारातून आणलेल्या टॉर्चच्या बल्ब-सेलवर, नंतर अदलाबदल. उरलेली ५-६ मिनिटं चर्चेला. डिव्हाइस ज्याच्या हातात त्याने बोलायचं नाही, बाकीच्यांनी सांगायचं, नाहीतर एकच पोट्टा सगळं करतो आणि बाकीचे मान लांब करून बघत बसतात.

सिम्युलेशनमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा बल्ब असतो, अॅमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. दोन बल्ब एकसर जोडले की ०.४५. समांतर जोडले की प्रत्येकात पुन्हा ०.९०, बॅटरीतून १.८०. पोरं हे वहीत लिहितात.

खरी मजा अदलाबदलीनंतर. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, स्क्रीनवर समांतरमध्ये उजेड तेवढाच राहते, आमचा तर थोडा कमी झाला, काहून?" बरोबर होतं तिचं, सेल जुने होते. सेलला स्वतःचा आतला रोध असतो, जास्त धारा घेतली की तिथेच व्होल्टेज खर्च होतं, आणि सिम्युलेशनमध्ये तो सुरुवातीला शून्य असतो. Advanced मध्ये बॅटरीच्या रोधाचा स्लायडर आहे, तो सरकवला आणि दुसरा बल्ब जोडला तर स्क्रीनवरचे बल्बही मंदावले.

आता ते दोन जुने सेल मी मुद्दाम वेगळ्या डब्यात जपून ठेवलेत.