आमची वाटचाल : डेमोनंतरचं एक पान

दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर आम्ही कोल्हापुरात सुरू केलं, तेव्हा डेमो चांगले व्हायचे. वजनकाटा, फॅट मशीन आणि प्रिंटर जोडून पावती काढून दाखवली की सगळे खूश. मग आम्ही बारा पानांचं माहितीपत्रक मेल करायचो आणि पुढे काहीच घडायचं नाही.

एका संस्थेच्या सचिवांनी आमचे डोळे उघडले. "साहेब, तुमचा मेल मला संचालकांच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवायला लागतो. बारा पानं कोण ऐकणार? प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, आणि उत्तर मीच द्यायचं."

तेव्हापासून डेमोत आमचा एक माणूस फक्त प्रश्न टिपतो, कुणी विचारला तेही, त्यांच्याच शब्दांत. मेल त्याच संध्याकाळी सचिवांना जातो, चेअरमनना प्रत. एकच पान, मोठ्यानं वाचता येईल असं.

पुढच्याच संस्थेत टेस्टरचा प्रश्न सगळ्यात अवघड होता : "मशीननं एक पॉइंट कमी दाखवला तर सभासद माझ्या अंगावर येतील." एक पॉइंट म्हणजे 0.1 फॅट, आणि त्यानं दर बदलतो. मशीन अचूक आहे असं नुसतं लिहून त्यांचं समाधान झालं नसतं. म्हणून लिहिलं : "गाय आणि म्हैस मिळून 30 नमुने तुमच्या गर्बर पद्धतीनं आणि मशीनवर, तुमच्यासमोर तपासू. फरक 0.1 पेक्षा जास्त आला तर कॅलिब्रेशन करून पुन्हा तपासू. रोज संकलन संपल्यावर मशीन धुतलं नाही तर आकडे हलतात, हे आत्ताच सांगतो."

हिशेबनीसांना दहा दिवसांच्या बिलाची आणि पशुखाद्याच्या कपातीची धास्ती होती. त्यांना लिहिलं : एक पूर्ण बिल जुन्या रजिस्टरवर आणि सॉफ्टवेअरवर सोबत काढू. सचिवांना सकाळच्या संकलनात लाईट जाण्याची चिंता. बॅटरीवर काय चालतं आणि काय नाही, ते दोन ओळींत.

एका संचालकांनी विचारलं होतं, भेसळ पकडेल का? आम्ही लिहिलं : "घातलेल्या पाण्याचा अंदाज देईल. युरियासाठी वेगळी चाचणी करावीच लागेल." हे वाक्य ठेवायचं की नाही, यावर ऑफिसात बराच वाद झाला. मी ठेवलं, आणि आजही ठेवतो.

शेवटी मागणी एकच : खरेदीचं नंतर बघा, येत्या मीटिंगमध्ये फक्त दहा दिवसांच्या चाचणीला मंजुरी द्या.

मंजुरी आली. अकराव्या दिवशी दोन्ही बिलं शेजारी ठेवली, तर तीन सभासदांची रक्कम जुळेना. हिशेबनीसांनी तिथंच बसून शोधलं : रजिस्टरमध्ये पशुखाद्याची कपात दोनदा धरली होती. ऑर्डरचा ठराव त्यांनीच मांडला.