दीड तासाचं कीर्तन आणि दम खायच्या जागा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आषाढीला नारदीय कीर्तन असतं, साडेसातला नमन आणि नऊला आरती, त्यापुढे कोणी थांबत नाही कारण आज्यांच्या गोळ्यांची वेळ आणि पोरं पेंगायला लागलेली. मी पेटीवर असतो, त्यामुळे बुवांबरोबर बसून क्रम लिहायचं काम माझ्याकडेच येतं.

अभंग कुठला घ्यायचा हे नंतर, मी आधी ध्रुपद बघतो. सगळा हॉल मागून म्हणणार ते ध्रुपद सा ते पंचम एवढ्यातच फिरलं पाहिजे. बुवा गातात पांढरी चारमध्ये आणि तबला त्यातच लावलेला, मधेच पट्टी बदलायची म्हणजे तबला परत ठोकत बसा, म्हणून पट्टी तीच ठेवून चालच तशी घ्यायची. कडव्यात चाल तार षड्जाला गेली तरी बिनधास्त जाऊ दे, तिथे बुवा एकटेच असतात आणि तेवढ्यात लोकांना दम खाता येतो. ही पहिली विश्रांती, कोणाला कळतही नाही.

दुसरी विश्रांती परंपरेनेच दिलेली आहे. पूर्वरंग संपला की नामघोष आणि मग बुवांना हार, बुक्का. एरवी पूर्वरंग तासभरही चालतो, पण समोर सात वर्षांची पोरं असतील तर निरूपण पंचवीस मिनिटांत आवरायचं, म्हणजे नमन धरून आठ-पाचला बुवा नामघोषाला येतात. पाच मिनिटं नामघोष, मग बुक्का लावायला मुद्दाम सावकाश सात-आठ मिनिटं घ्यायची, पेटीवर नुसता सूर धरून ठेवायचा. तेवढ्यात पाणी होतं, गुडघे सरळ होतात, बाथरूमला जायचं ते जाऊन येतात.

नामघोषाची लय मात्र जपावी लागते. आमचा तबलजी उत्साही, तीन फेऱ्यांत धुमाळी दुप्पट करतो! पोरं खूश होतात, पण मी टाळी ऐकत असतो. मागच्या खुर्च्यांवरची टाळी समेनंतर पडायला लागली की लय म्हाताऱ्यांच्या हातातून गेली, आणखी थोडी चढली की ती टाळी थांबतेच आणि नुसती पोरं ओरडत राहतात. तिथे तबलजीकडे बघून मान हलवायची, तिहाई, बंद.

आठ-अठराला आख्यान, आमच्याकडे प्रल्हाद. यात गाणं कमी आणि गोष्ट जास्त, पण हिरण्यकशिपूने विचारलं की उत्तर पोरांनी द्यायचं, ‘नारायण!’, हे बुवा आधीच शिकवून ठेवतात. तीसेक मिनिटांत असं चार-पाचदाच, जास्त केलं तर खांबाचा प्रसंग येईपर्यंत पोरं दमलेली असतात आणि तिथला आवाज पडतो. खांब फुटला की ताबडतोब शेवटचा नामघोष, तो थोडा जलद चालतो, कारण आता कोणाला कशासाठी दम राखायचा नसतो. उरलेल्या पाच-सात मिनिटांत बुवा मूळ अभंगावर परत येतात, तेवढ्यात कोणीतरी निरांजन लावायला उठतं.