कपॅसिटर मोठा घेतला आणि आवाज घोगरा झाला

हाताने बांधलेल्या एएम रेडिओत स्टेशन लागत होतं, आवाजही मोठा येत होता. फक्त निवेदक जोरात बोलला की घसा बसल्यासारखा वाटायचा. हळू बोलला की सगळं ठीक. मी आधी स्पीकरवर संशय घेतला, मग ऑडिओ ॲम्प्लिफायरवर. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. दोष होता त्या आधीच्या तीन भागांच्या साध्या सर्किटात, म्हणजे कॅरियरवरून आवाज वेगळा काढणाऱ्या एन्व्हलप डिटेक्टरमध्ये. जर्मेनियम डायोड, 47 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर कपॅसिटर, एवढंच ते.

कपॅसिटर मी 0.01 मायक्रोफॅरडचा लावला होता. डोक्यात पॉवर सप्लायचं गणित होतं: फिल्टरचा कपॅसिटर मोठा, तेवढी रिपल कमी. 455 किलोहर्ट्झच्या कॅरियरची एकही खूण पुढे जायला नको, असा माझा हट्ट होता. पण पॉवर सप्लायला स्थिर व्होल्टेज धरून ठेवायचं असतं, डिटेक्टरला मात्र खालीवर होणाऱ्या व्होल्टेजच्या मागे धावायचं असतं.

सिग्नल जनरेटरवरून थेट डिटेक्टरला 2 व्होल्ट शिखराचा कॅरियर दिला, त्यावर 1 किलोहर्ट्झचा सूर चढवला. मॉड्युलेशन 30 टक्के असताना ऑसिलोस्कोपवर साइन लहर सुरेख दिसत होती. 80 टक्के केल्यावर मात्र तिचा उतार वाकडा झाला. लहर चढताना अगदी बरोबर, शिखरही गोल. उतरताना ती वळण सोडून जवळजवळ सरळ तिरक्या रेषेत घसरत होती आणि पुढच्या चढाला मधेच जाऊन धडकत होती. तळ गायबच. हेच ते डायगोनल क्लिपिंग.

चढताना त्रास नाही, कारण चालू डायोडमधून कपॅसिटर झटकन भरतो. उतरताना डायोड बंद होतो आणि रिकामं व्हायला फक्त 47 किलोओहमची वाट उरते. त्यात आणखी एक गोम आहे. कपॅसिटर किती वेगाने उतरेल हे त्यावर त्या क्षणी असलेल्या व्होल्टेजवर ठरतं. व्होल्टेज कमी, तर वेगही कमी. म्हणून खरी अडचण उताराच्या मध्यावर, जिथे लहर सर्वांत तीव्र असते, तिथे नसून त्याच्या खाली असते. 80 टक्क्यांना ती जागा 0.72 व्होल्टला येते. तिथे एन्व्हलप, म्हणजे कॅरियरच्या शिखरांवरून जाणारी रेघ, मिलिसेकंदाला सुमारे 6 व्होल्ट वेगाने पडत होतं. माझा RC, म्हणजे रेझिस्टर गुणिले कपॅसिटर, होता 470 मायक्रोसेकंद, म्हणजे कपॅसिटर उतरू शकत होता जेमतेम दीड व्होल्टने. चौपट मागे! सूत्र असं, f म्हणजे सुराची वारंवारता आणि m म्हणजे मॉड्युलेशन:

```
RC ≤ √(1 − m²) / (2π f m)
```

1 किलोहर्ट्झ आणि m = 0.8 घातलं तर मर्यादा 119 मायक्रोसेकंद येते. माझ्या 470 ला 1 किलोहर्ट्झवर फक्त 32 टक्क्यांपर्यंतच झेपत होतं. 30 टक्क्यांना सगळं सुरेख का दिसलं, ते तेव्हा कळलं.

मला 5 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज हवा होता. त्यासाठी 80 टक्क्यांना मर्यादा 23.9 मायक्रोसेकंद. म्हणून 470 पिकोफॅरड लावला, RC झाला 22. कॅरियरचं एक आवर्तन 2.2 मायक्रोसेकंदांचं, म्हणजे दहापट अंतर राहिलं. रिपल वाढली, पण ती पुढच्या लहानशा आरसी फिल्टरने आवरता येते. तुटलेला तळ मात्र पुढे कशानेच परत येत नाही. शंभर टक्क्यांना तर सूत्र RC शून्य मागतं. तिथे तडजोडच करायची.

तरी 5 किलोहर्ट्झवर उतार किंचित तिरकाच! गणित तीनदा तपासलं. चूक गणितात नव्हती, प्रोबमध्ये होती. तो 1X वर होता आणि त्याची साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्सच RC ला 27 पर्यंत नेत होती. 10X वर टाकल्यावर लहर नीट झाली. मोजायला गेलो आणि मीच बिघाड घातला होता.

मग व्हॉल्यूमचा 100 किलोओहमचा पॉट कपलिंग कपॅसिटरमार्फत परत जोडला, तर 80 टक्क्यांना तळ पुन्हा कापलेला. या वेळी मात्र तो कापून काढल्यासारखा सपाट होता, तिरका नव्हता. खात्री करायला सूर 1 किलोहर्ट्झवरून 300 हर्ट्झवर आणला. डायगोनल क्लिपिंग असतं तर ते नाहीसं झालं असतं. सपाट तळ तसाच राहिला. डीसीला 47 किलोओहम दिसतात, पण ऑडिओला पॉट समांतर येऊन 32च, त्यामुळे मर्यादा सुमारे 68 टक्के. पॉट 470 किलोओहमचा लावल्यावर ती 90 च्या वर गेली आणि तळ परत गोल झाला.