पावणेसहाची बातमी

शुक्रवार, रात्र

आज पहाटे पावणेसहाला बाबांच्या खोलीतला टीव्ही आपोआप लागला आणि थेट बातम्यांचं चॅनेल सुरू झालं. पाच दिवस यामागे होते, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते.

नजर अधू झाल्यापासून बाबांना मोबाइलचा गजर बंद करता येत नाही. शोधत बसतात, तोवर फोन वाजतच राहतो. शिवाय त्या कर्कश आवाजाने दचकून उठतात, ते मला बघवत नाही. ‘कुणीतरी बोलतंय, अशी जाग यावी,’ असं ते म्हणाले, तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये पाहिलेला ‘On Timer’ मला आठवला.

सोमवारी रात्री तो लावला. वेळेच्या मेनूमध्ये आधी घड्याळ बरोबर आहे का पाहिलं, कारण टायमर त्याच घड्याळावर चालतो. मग वेळ ५:४५, रोज, आवाज १५. त्याखाली कुठून दाखवायचं ते विचारतात. आमचा सेट-टॉप बॉक्स HDMI1 ला आहे, म्हणून ते निवडलं आणि लगेच चॅनेलची ओळ फिकट झाली. तिथे काही भरताच येईना. मी तिकडे दुर्लक्ष केलं. खरं तर सगळी मेख तिथेच होती.

टीव्हीला चॅनेल निवडता येतं ते त्याच्या स्वतःच्या ट्यूनरवर, म्हणजे अँटेना किंवा केबलची वायर थेट टीव्हीत येत असेल तरच. बॉक्स मध्ये असला की चॅनेल बॉक्स ठरवतो. टीव्ही फक्त त्याच्याकडून येणारं चित्र दाखवतो.

मंगळवारी पहाटे टीव्ही लागला, पण पडद्यावर नुसतं ‘No Signal’. रात्री मी बॉक्स बंद केला होता. बाबा अंधारात त्या निळ्या उजेडाकडे बघत बसले होते.

त्या रात्री बॉक्स बातम्यांच्या चॅनेलवर ठेवला आणि फक्त टीव्ही रिमोटने बंद केला. भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं, कारण ते बंद केलं तर टायमर चालायला टीव्हीत वीजच उरत नाही. तरीही बुधवारी पुन्हा तेच. या वेळी मात्र मी संध्याकाळी समोर बसून पाहिलं. टीव्ही बंद केला आणि दोन-तीन सेकंदांत बॉक्सचा हिरवा दिवा लाल झाला. एचडीएमआयच्या वायरीतून टीव्ही बॉक्सलाही झोपायला सांगत होता. याला सीईसी म्हणतात, एकाच रिमोटने दोन्ही बंद करता यावीत म्हणून ही सोय असते. ती जोडी उलट्या बाजूनेही चालेल, टीव्ही लागला की बॉक्स जागा होईल, अशी आशा वाटली. काही बॉक्स होतातही, आमचा होत नाही. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन, आपल्याबरोबर इतर उपकरणं बंद करण्याचा पर्याय काढून टाकला.

लगेच पडताळाही घेतला. टायमर पाच मिनिटांनंतरचा लावला, टीव्ही बंद केला आणि वाट पाहिली. चित्र, आवाज, सगळं आलं. मी निर्धास्त झोपले.

आणि गुरुवारी परत ‘No Signal’! बाबा काही बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. पाच मिनिटांत चालतं आणि रात्रभरात बिघडतं, म्हणजे मधल्या तासांत काहीतरी घडत असणार. बॉक्सची सेटिंग एकेक करून उघडली, तेव्हा सापडलं: चार तास रिमोटचं एकही बटण दाबलं नाही, तर वीज वाचवायला बॉक्स आपणहून बंद होतो. रात्री दहाला सोडलेला बॉक्स दोनलाच झोपत होता. तो पर्याय बंद केला. बॉक्स रात्रभर चालू राहणार, थोडी वीज जास्त जाणार. मला ते मान्य आहे.

आज मी साडेपाचलाच उठून दाराशी उभी होते. ५:४५ ला पडदा उजळला, काही क्षण काळा राहिला आणि निवेदिकेचा आवाज आला. बाबांनी डोळे न उघडताच मान आवाजाकडे वळवली. मग हळूच म्हणाले, ‘थोडा मोठा कर गं.’

टायमरचा १५ हा टीव्हीचा आवाज, बॉक्सचा वेगळा असतो आणि रात्री मीच तो कमी केला होता. आता बॉक्सचा पूर्ण ठेवलाय आणि कमी-जास्त फक्त टीव्हीच्या रिमोटने करायचं, असं आईलाही सांगितलंय.

रात्री वीज गेली तर मात्र हे सगळं कोलमडेल. वीज परत आल्यावर आमचा बॉक्स बंदच राहतो, सकाळी हाताने लावावा लागतो. उद्या बाबांची डोळ्यांची तपासणी आहे, आठला निघायचंय. म्हणून माझ्या उशाशी मोबाइलचा गजरही लावलाय, पावणेसहाचाच.