भाड्याच्या यादीत नसलेलं गोदाम

२०२३-२४ च्या ऑडिटला मी त्या कंपनीत गेलो, तेव्हा भाड्याच्या जागांची यादी तयारच होती. घरगुती वस्तू विकणारी, झपाट्याने वाढणारी कंपनी. नेटवर्थ २५० कोटींच्या पुढे गेल्यामुळे इंड एएस ही लेखामानकं लागू झालेली, त्यामुळे लीजसाठी इंड एएस ११६, म्हणजे भाड्याची जागा मालमत्ता आणि कर्ज म्हणून ताळेबंदात. अकाउंट्सच्या साहेबांनी एक्सेलमध्ये ३८ जागा दिल्या. प्रत्येकीचा करार, भाडं, मुदत, व्याजदर, सगळं व्यवस्थित. आमच्या आर्टिकलने, म्हणजे शिकाऊ सीएने, दोन दिवसांत गणितं तपासली आणि चूक काही निघाली नाही.

पण यादीतल्या ३८ जागा बरोबर आहेत, एवढंच त्यावरून कळतं. एकोणचाळिसावी असेल तर ती याच यादीतून कशी सापडणार? म्हणून उलट्या बाजूने निघायचं ठरवलं. कंपनीने दुसऱ्या कारणासाठी, दुसऱ्या कुणाला दिलेली माहिती घ्यायची आणि तिथून यादीकडे यायचं.

आधी टीडीएसचं विवरणपत्र, २६क्यू, घेतलं. तेव्हा कलम १९४-आय म्हणजे भाडं. त्यातले सगळे घरमालक यादीत सापडले. मला हायसं वाटलं, पण ते घाईचं होतं. भाडं म्हणून नोंदवलेलंच त्या कलमाखाली दिसणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मग तिन्ही राज्यांची जीएसटी नोंदणी प्रमाणपत्रं मागवली. माल ठेवायची प्रत्येक जागा त्यात जादा जागा म्हणून दाखवावी लागते. तिथे ४३ निघाल्या. पाचांचा फरक एकेक करून सोडवला. दोन दुकानं आधीच्याच वर्षी बंद झाली होती, फक्त नोंदणीतून काढायची राहिली होती. एक पत्ता दोनदा लिहिला होता. एक गोदाम दिवाळीपुरतं चार महिन्यांसाठी घेतलेलं, म्हणजे वर्षभरापर्यंतचं लीज ताळेबंदाबाहेर ठेवू देणाऱ्या अल्पमुदतीच्या सवलतीत बसणारं. उरलं भिवंडीचं एक शेड.

ॲडमिनच्या मॅडम म्हणाल्या, ''सर, ते भाडं नाही. ती लॉजिस्टिक्सवाल्यांची सर्व्हिस आहे.'' पैसे खरोखरच १९४-सी खाली, कंत्राट म्हणून जात होते. मी कराराची प्रत मागून घेतली आणि परिशिष्टांसकट वाचली. पहिल्या परिशिष्टात शेडचा क्रमांक आणि नकाशा होता. दुसरं शेड देण्याचा हक्क पुरवठादाराला फक्त दुरुस्तीच्या काळात. आत कोणता माल ठेवायचा, रॅक कसे लावायचे, गाड्या कधी सोडायच्या, हे सगळं कंपनीच ठरवत होती. दुसऱ्या कुणाचं खोकंही तिथे येत नव्हतं. मालमत्ता ठरलेली, तिचा जवळपास सगळा फायदा कंपनीला आणि वापराचा निर्णयही कंपनीचाच. शीर्षक काहीही असो, सर्व्हिसच्या करारात लीज दडलेलं होतं.

१ एप्रिल २०२३ पासून पाच वर्षं, मागे फिरता येणार नाही असं, शेडसाठी महिन्याला ४ लाख, महिनाअखेरीस. शिवाय खोक्यामागे हाताळणीचा दर. तो सेवेचा आणि मालाप्रमाणे बदलणारा, म्हणून दायित्वात धरला नाही. कंपनीला कर्ज ज्या दराने मिळालं असतं तो ९ टक्के धरून ६० हप्त्यांचं आजचं मूल्य सुमारे १ कोटी ९३ लाख आलं. एवढी मालमत्ता आणि एवढंच कर्ज ताळेबंदात नव्हतं.

नफ्यावरचा परिणाम सीएफओ साहेबांना समोर बसून दाखवावा लागला. पहिल्या वर्षी घसारा ३८.५ लाख, व्याज १६ लाख, मिळून ५४.५ लाख. नोंदवलेला खर्च ४८ लाख होता. म्हणजे नफा साडेसहा लाखांनी कमी. शेवटच्या वर्षांत व्याज घटतं तसा हा फरक उलटतो, पण बँकेच्या अटीतलं कर्जाचं प्रमाण मात्र पहिल्याच दिवसापासून वाढतं. साहेबांची काळजी तीच होती आणि ती खरी होती. नोंद केली, आणि बँकेला पत्र आधी गेलं.

खरी ओढाताण झाली ती अकरा महिन्यांच्या करारांवर. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असली तरी सक्तीची आहे, तरी अकरा महिन्यांची सवय सुटत नाही. यादीतल्या चार दुकानांना 'अल्पमुदत' म्हणून वगळलं होतं. त्यातल्या एका दुकानात फर्निचर आणि लाईटवर १८ लाख खर्च झालेले. मी विचारलं, ''अकरा महिन्यांनी हे सोडून जाल का?'' मॅनेजर नुसते हसले. करार संपला की दोघांनाही मोकळं होता येतं, पण जाण्याने होणारं हे नुकसान क्षुल्लक नव्हतं. म्हणून तेवढ्यावर मुदत संपली असं म्हणता येत नव्हतं. घसाऱ्याच्या तक्त्यात त्यांनी स्वतःच फर्निचरचं आयुष्य पाच वर्षं धरलं होतं. तोच कागद पुढे ठेवला आणि त्या दुकानाची मुदत पाच वर्षं झाली. उरलेल्या तिघांत जुनं सामान होतं, खर्च जवळपास नव्हता. ती अल्पमुदतीचीच राहू दिली.