मागणीपत्रातल्या चार ओळी

काकूंनी टेबलावर ठेवलेलं मागणीपत्र एकाच पानाचं होतं. इंदूरबाहेर त्यांचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. मंजूर भार 60 किलोवॅट होता, तो 75 करून मिळावा असा अर्ज त्यांनी दिला होता. उत्तरादाखल वीज वितरण कंपनीच्या कार्यालयातून चार रकमा मागणारं हे हिंदी पत्र आलं. शेवटी ठरलेलं वाक्य होतं, की वरील सर्व रकमा विद्युत अधिनियम, 2003 व त्याखालील नियमांनुसार देय आहेत.

काकूंचा प्रश्न सरळ होता. "वकीलसाहेब, सगळं नियमाप्रमाणे आहे म्हणतात. मग भरून टाकू का?"

विजेच्या प्रकरणांत जवळजवळ प्रत्येक पक्षकाराला या एका वाक्यापुढे हात टेकावे लागतात. या अधिनियमाखाली नियम असतात, विनियम असतात, योजना असतात, आदेश असतात, आणि प्रत्येक काढण्याचा अधिकार वेगळ्याकडे आहे. पत्र लिहिणारा बाबू या सगळ्यांना मिळून 'नियम' म्हणतो. त्यामुळे रक्कम बरोबर आहे का, हे तपासण्याआधी ती मागण्याचा अधिकार कुठून आला, हे शोधावं लागतं.

त्यासाठी अधिनियमाच्या शेवटाकडून सुरुवात केलेली बरी. कलम 176 केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार देतं, कलम 180 राज्य सरकारला. विनियम सरकार करत नाही. ते केंद्रीय विद्युत प्राधिकरण कलम 177 खाली, केंद्रीय आयोग 178 खाली आणि राज्य विद्युत नियामक आयोग 181 खाली करतो. या यादीत वितरण कंपनी कुठेच नाही. ती परवानाधारक आहे. तिला विनियम पाळता येतात, करता येत नाहीत.

आता कोणता विषय कोणाचा, हे ओळखायचं कसं? व्याख्येचं कलम 2 इथे उपयोगी पडतं. एखाद्या कलमात 'विहित' असं म्हटलं असेल तर ती बाब सरकारच्या नियमाने ठरते, आणि 'विनिर्दिष्ट' म्हटलं असेल तर आयोगाच्या किंवा प्राधिकरणाच्या विनियमाने. इंग्रजी प्रतीत हे शब्द प्रिस्क्राइब्ड आणि स्पेसिफाइड असे आहेत. मागणीपत्राच्या प्रत्येक ओळीचं मूळ कलम काढून त्यात यांपैकी काय आहे ते पाहिलं, की निम्मं काम होतं.

पहिली ओळ वाढीव सुरक्षा ठेवीची. तिचं मूळ कलम 47 आहे, आणि ठेव किती घ्यायची हे विनियमांनी ठरतं असं ते कलमच सांगतं. म्हणजे आयोगाचा विनियम हवा, आणि तो आहे. इथे वाद अधिकाराचा नव्हता, फक्त हिशेबाचा होता. तो जुळला. याच कलमाप्रमाणे ठेवीवर व्याज मिळतं आणि त्याचा किमान दर बँक रेट असतो, म्हणून जुन्या ठेवीचं व्याज बिलात जमा होतंय का, एवढं पाहायला काकूंना सांगितलं.

दुसरी ओळ वाहिनी आणि ट्रान्सफॉर्मरवरच्या खर्चाची. कलम 46 म्हणतं, की राज्य आयोग विनियमांद्वारे परवानाधारकाला असा खर्च ग्राहकाकडून घेण्याची मुभा देऊ शकतो. आयोगाचे या विषयावरचे वसुली विनियम राजपत्रात आहेत, दरांची अनुसूची त्यांना जोडलेली आहे. पत्रातला दर अनुसूचीशी जुळला. दोन्ही रकमा भरा, असं मी सांगितलं. चार ओळींपैकी दोन खऱ्या असतील तर त्या वेळेत भराव्यात. सगळंच अडवून धरलं तर वाढीव भारही अडतो, आणि तक्रार ऐकणाऱ्याचा विश्वासही जातो.

तिसरी ओळ होती 'जाळे सुदृढीकरण शुल्क', वाढीव 15 किलोवॅटवर प्रति किलोवॅट 1,200 प्रमाणे 18,000 रुपये. आधार म्हणून मुख्यालयाच्या एका परिपत्रकाचा क्रमांक दिला होता. त्याची प्रत मागवली. त्यात 'आरडीएसएस योजनेअंतर्गत' असा उल्लेख होता, आणि शाखा कार्यालयाने सगळा भार त्या 'योजना' शब्दावर टाकला होता.

या अधिनियमाखाली खरोखरच योजना काढता येते. कलम 131 खाली राज्य सरकार हस्तांतरण योजना काढतं. जुन्या विद्युत मंडळाची मालमत्ता, देणी-घेणी आणि कर्मचारी नव्या कंपन्यांकडे अशाच योजनेने जातात, आणि तिला कायद्याचं बळ असतं. आरडीएसएस ही त्या जातीची योजना नाही. ती केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची 2021 ची अर्थसहाय्य योजना आहे. वितरण कंपन्यांनी जाळं सुधारावं, स्मार्ट मीटर बसवावेत, तोटा कमी करावा, यासाठी ती त्यांना पैसे देते. ती कलम 131 खाली निघालेली नाही, आणि ग्राहकावर शुल्क बसवण्याचा अधिकार तिच्यातून निघत नाही. घरगुती बिलात सवलत देणाऱ्या राज्याच्या योजनाही याच प्रकारच्या. सरकारने सवलत जाहीर केली तरी कलम 65 प्रमाणे तिची भरपाई सरकारने कंपनीला आगाऊ द्यायची असते, आणि दर मात्र आयोगाच्या आदेशानेच ठरतो.

म्हणजे तिसऱ्या ओळीमागे उरलं फक्त परिपत्रक. परिपत्रक कर्मचाऱ्यांना काम कसं करायचं ते सांगू शकतं, ग्राहकावर नवीन देणं लादू शकत नाही. ते देणं कलम 46 च्या विनियमात असायला हवं होतं, आणि अनुसूचीत या नावाचं शुल्क नव्हतं.

अशा वेळी कागदाचा पहिला परिच्छेद वाचावा. नियम असो वा विनियम, त्याची सुरुवात 'अमुक कलमाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून' अशीच होते. त्या कलमाचा आकडा, खाली सही कोणाची, राजपत्राची तारीख आणि विनियम असेल तर त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध झाला होता का, हे पाहायचं. कलम 181 खालच्या सर्व विनियमांना पूर्वप्रसिद्धी सक्तीची आहे. केंद्राच्या राजपत्रात जागेवरूनही ओळख पटते. मंत्रालयांचे नियम भाग 2, विभाग 3, उपविभाग (i) मध्ये जी.एस.आर. क्रमांकाने येतात, सांविधिक आदेश आणि अधिसूचना उपविभाग (ii) मध्ये एस.ओ. क्रमांकाने, आणि सांविधिक मंडळांचं साहित्य भाग 3, विभाग 4 मध्ये. काकूंच्या परिपत्रकावर कलमाचा आकडा नव्हता, राजपत्राचा उल्लेखही नव्हता. फक्त जावक क्रमांक होता.

चौथी ओळ सगळ्यांत मोठी होती. स्मार्ट मीटर बसल्यावर पहिल्याच महिन्यात कमाल मागणी, म्हणजे महिन्यात कधीही ओढला गेलेला सर्वांत जास्त भार, 71 किलोवॅट नोंदली गेली. त्यावरून मागच्या बारा महिन्यांचा 'अनधिकृत वापर' धरून दुप्पट दराने 1,46,000 रुपये लावले होते. कंसात कलम 126 लिहिलं होतं.

कलम 126 ची रक्कम आदेशाने ठरते, आणि तो आदेश कोण काढू शकतो हे कलमातच लिहिलं आहे: राज्य सरकारने पदनिर्देशित केलेला निर्धारण अधिकारी. तो कंपनीचा नोकर असू शकतो, पण त्याचं पद शासनाच्या अधिसूचनेत असावं लागतं. त्याने आधी तात्पुरता निर्धारण आदेश बजवायचा, ग्राहकाचा आक्षेप ऐकायचा आणि तात्पुरता आदेश बजावल्यापासून 30 दिवसांत अंतिम आदेश द्यायचा. काकूंच्या पत्रावर सही लेखा अधिकाऱ्याची होती. अधिसूचनेत ते पद नव्हतं. तात्पुरता आदेश नव्हता, सुनावणी नव्हती. बारा महिने आणि दुप्पट दर हे आकडे कायद्यातलेच आहेत, 2007 च्या दुरुस्तीनंतरचे. म्हणून कागद पहिल्या नजरेला खरा वाटतो.

इथे घाई केली तर पैसे अडकतात. हा अंतिम आदेश आहे असं समजून कलम 127 खाली अपील केलं, तर निर्धारित रकमेच्या निम्मे, म्हणजे 73,000 रुपये, आधी भरावे लागतात. म्हणून अपील न करता आधी लेखी उत्तर दिलं: कलम 126 चा आदेश आम्हाला बजावलेलाच नाही. असेल तर प्रत द्या, आणि तो काढणाऱ्याचं पद ज्या अधिसूचनेत आहे तिचा क्रमांक द्या.

दुसरा मुद्दा बारा महिन्यांचा होता. केंद्राचे विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, 2020 यांत 2023 मध्ये दुरुस्ती झाली. स्मार्ट मीटरने नोंदलेल्या कमाल मागणीवरून, तो बसवण्याआधीच्या काळासाठी दंडात्मक आकार लावू नये, असं ती सांगते. हा नियम आयोगाच्या विनियमांच्या वर आहे, कारण कलम 181 प्रमाणे विनियम अधिनियमाशी आणि नियमांशी सुसंगत असावे लागतात. पण तो अधिनियमाच्या वर नाही. कंपनी म्हणू शकते, की कलम 126 चं निर्धारण म्हणजे दंडात्मक आकार नव्हेच. म्हणून माझ्या मते एकट्या नियमावर सगळं टेकवणं कच्चं ठरलं असतं. कलम 126 मध्येच पक्का आधार आहे. अनधिकृत वापराचा काळ निश्चित करता येत नसेल तरच बारा महिने धरायचे. काकूंचा जुना मीटरही इलेक्ट्रॉनिक होता आणि दर महिन्याच्या बिलावर कमाल मागणी छापलेली होती. बारा बिलं काढली. एकाही महिन्यात आकडा 60 च्या वर नव्हता. काळ निश्चित करता येत होता: मीटर बदलल्यानंतरचा एक महिना.

उत्तर पाठवताना काकूंनी विचारलं, "आणि नाही ऐकलं तर जायचं कुठे?" त्याचं उत्तरही कागद कोणी काढला यावरच ठरतं. परिपत्रकाच्या शुल्कासाठी कलम 42 खालचा ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. कलम 126 च्या अंतिम आदेशासाठी 30 दिवसांत कलम 127 चं अपील. आयोगाच्या दरआदेशासाठी 45 दिवसांत दिल्लीचं विद्युत अपील न्यायाधिकरण. पण आयोगाचा विनियमच अवैध आहे असं म्हणायचं असेल तर न्यायाधिकरणात जाऊन उपयोग नाही. पीटीसी इंडिया प्रकरणात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केलं, की विनियमाची वैधता फक्त न्यायालयीन पुनर्विलोकनात तपासता येते. आमच्यासाठी त्याचा अर्थ उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ.

मंचात जायची वेळ आली नाही. पहिल्या दोन रकमांची पावती जोडून उत्तर दिल्यावर सुधारित पत्र आलं. तिसरी ओळ काढलेली होती. चौथीऐवजी निर्धारण अधिकाऱ्याच्या सहीचा तात्पुरता आदेश स्वतंत्र कागदावर आला, एका महिन्यापुरता. तो बजावल्याची तारीख काकूंनी पाकिटावरच लिहून ठेवली आहे, कारण तो मान्य असेल तर सात दिवसांत रक्कम भरता येते आणि नसेल तर आक्षेप लेखी द्यावा लागतो.

"71 तर आमच्याकडे खरंच गेला होता, नवं ग्राइंडर लावलं तेव्हा," काकू म्हणाल्या. त्या महिन्याचा हिशेब तपासला, तो बरोबर होता. भरायला सांगितलं.