चौदा सेकंदांची उधारी

मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरच्या पाटीजवळ मी स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. माझा धावपटू २:५०:४० ला समोरून गेला, म्हणजे किलोमीटरला ५:४१, ठरल्याप्रमाणे अगदी घड्याळासारखा. पण खांदे वर चढले होते आणि पावलं आखूड पडत होती. वेळ बरोबर होती, माणूस नव्हता.

पाच आठवड्यांपूर्वी त्याने हाफ मॅरेथॉन १ तास ५५ मिनिटांत संपवली होती. त्यावरून मॅरेथॉनच्या वेळेचा अंदाज काढायला मी नेहमीचं पीटर रीगलचं सूत्र लावलं, T म्हणजे वेळ आणि D म्हणजे अंतर:

```
T2 = T1 × (D2/D1)^1.06
```

अंतर दुप्पट होतं तेव्हा वेळ २.०८५ पट होते. ११५ मिनिटांचे झाले ३:५९:४६. चार तासांच्या आत, चौदा सेकंद राखून! आम्ही दोघंही त्या चौदा सेकंदांवर भाळलो. तो म्हणाला, "सर, होतंय की!" मीही मान डोलावली.

शेवटचे बारा किलोमीटर त्याला सरासरी ६:५० च्या गतीने ओढत न्यावे लागले. ४:१४ ला तो पोहोचला.

संध्याकाळी वही उघडली. हाफच्या आधीच्या महिन्यात त्याने सपाट, नीट मोजलेल्या रस्त्यावर १० किमी ५० मिनिटांत केले होते. त्यावरून सूत्र मॅरेथॉनला ३:५० देतं आणि हाफला १:५०. तो हाफला पाच मिनिटं उशिरा आला होता. म्हणजे अंतर वाढलं की तो १.०६ च्या हिशोबापेक्षा जास्त मंदावत होता. त्याच्या दोन शर्यतींतून त्याचा स्वतःचा घातांक काढला:

```
ln(115/50) / ln(21.0975/10) ≈ 1.116
```

हा घातांक लावला तर मॅरेथॉन ४:०९ ला येते, किलोमीटरला ५:५४. तेरा सेकंद हळू. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते पहिल्याच किलोमीटरपासून उधार घेतले तर तिसाव्यानंतर व्याजासकट फेडावे लागतात.

कारणही वहीतच होतं. आठवड्याला जेमतेम ३५ किमी, आणि सगळ्यात लांब धाव २४ ची. १.०६ हा आकडा त्या अंतराची तयारी झालेल्या माणसासाठी आहे. त्याच्याकडे वेग होता, लांब पल्ल्याचा पाया नव्हता.

अर्थात १.११६ लाही मी देववाक्य मानत नाही. १० किमीला त्याला ५१ मिनिटं लागली असती, तर घातांक १.०८९ निघाला असता आणि अंदाज ४:०५ वर आला असता. मिनिटाच्या फरकाने एवढं हलणाऱ्या आकड्यावरून नेमकी वेळ सांगू नये. पण कल कळतो, आणि इथे तो दोन्ही हिशोबांत चार तासांच्या पलीकडेच होता.

वही मी त्याला दाखवली. बराच वेळ आकडे बघून तो म्हणाला, "सर, हे दोन्ही आकडे तर शर्यतीआधीच आपल्याकडे होते ना?"

होते. एकाच पानावर.